आधी चुका वाचा, मग फाइन-ट्यूनिंगचं बोला

समजा, चारपाच जणांची टीम एका यंत्राविषयी ग्राहकांच्या शंकांना उत्तरं देणारा चॅटबॉट बनवते आहे. हाताशी २०० पानांची माहितीपुस्तिका आणि ३०० जुनी प्रश्नोत्तरं आहेत. उत्तरं चुकू लागली की ‘मॉडेल फाइन-ट्यून करू’, म्हणजे आपल्या उदाहरणांवर ते आणखी शिकवू, ही सूचना हमखास येते. त्याआधी एक स्वस्त चाचणी करून बघावी.

जुन्यांपैकी ५० प्रश्न बाजूला काढा. ते प्रॉम्प्टमध्ये उदाहरण म्हणूनही वापरायचे नाहीत, ट्रेनिंगलाही नाहीत. आता साध्या, स्पष्ट प्रॉम्प्टवर ते चालवा. धरून चाला की २० उत्तरं चुकली. त्या प्रत्येक प्रश्नासोबत पुस्तिकेतला नेमका परिच्छेद हाताने चिकटवा आणि पुन्हा विचारा. १४ उत्तरं सुधारली, तर मॉडेलला समज होती, माहिती नव्हती. तिथे रिट्रीव्हल हवं, म्हणजे प्रश्नाला लागणारा परिच्छेद आपोआप शोधून मॉडेलपुढे ठेवणं. उरलेली ६ माहिती समोर असूनही चुकली. त्यांच्यासाठी सूचना नेमक्या करा, तीनचार नमुना उत्तरं द्या.

मोठा कॉन्टेक्स्ट असलेल्या, म्हणजे एका वेळी बराच मजकूर वाचू शकणाऱ्या मॉडेलमध्ये २०० पानं बहुधा सबंध मावतात, तेव्हा प्रश्न कमी असतील तर तेच आधी करून पाहा. प्रश्न वाढले की दरवेळी सगळी पानं पाठवणं महाग पडतं आणि मग शोधयंत्रणा बांधावी लागते. ती कुठे फसते हे ठाऊक असावं. ग्राहक विचारतो, ‘यंत्रावर E-47 हा एरर कोड दिसतोय, काय करू?’ अर्थसाधर्म्यावर चालणारा एम्बेडिंग शोध E-41 चा परिच्छेदही आनंदाने पुढे करतो, कारण दोन्ही मजकूर जवळपास सारखेच असतात. म्हणून जोडीला साधा शब्दशोध ठेवावा. तक्त्याचे तुकडे करताना शीर्षकाची ओळ प्रत्येक तुकड्यात राहू द्या, नाहीतर आकडे कशाचे तेच कळत नाही. आणि उत्तर तपासण्याआधी एवढंच मोजा: योग्य परिच्छेद शोधाच्या पहिल्या पाच निकालांत आला का? आला नसेल, तर प्रॉम्प्ट कितीही घासूनपुसून उपयोग नाही.

फाइन-ट्यूनिंगची पाळी येते ती नमुने देऊनही उत्तराचा साचा किंवा वर्गवारी वारंवार बिघडते तेव्हा. २०२१ साली आलेल्या लोरा पद्धतीत मूळ मॉडेल तसंच ठेवून जोडलेला छोटासा भाग शिकवला जातो, त्यामुळे गणनाखर्च आटोक्यात राहतो. खरा खर्च उरलेली २५० उत्तरं माणसाने तपासण्याचा. त्यांतून ढंग शिकवता येतो, पण तथ्यं पक्की बसतील याचा भरवसा नाही. उलट मॉडेलला मुळात ठाऊक नसलेल्या गोष्टींची उत्तरं शिकवली, तर ठामपणे थापा मारण्याची सवय लागू शकते. शिवाय फिल्टर बदलायची मुदत सहा महिन्यांवरून चारवर आली, तर पुस्तिकेतली ओळ मिनिटात बदलते. मॉडेलला मात्र पुन्हा शिकवावं लागतं. ट्रेनिंगमधली चूक घटत असताना बाजूच्या ५० प्रश्नांवरची वाढू लागली, तर मॉडेल उदाहरणं पाठ करतंय. तिथेच थांबा.