दवाखान्यातील संवाद : पूर्ण वर्तमानकाळ व साधा भूतकाळ यांचा स्वाध्याय

इंग्रजी शिकवताना वापरला जाणारा, रिकाम्या जागा भरण्याचा एक स्वाध्याय. यात डॉक्टर आणि रुग्ण यांचा लक्षणांविषयीचा छोटा संवाद दिलेला असतो. त्यातली क्रियापदे काढून घेतलेली असतात आणि विद्यार्थ्याने प्रत्येक जागी पूर्ण वर्तमानकाळ (प्रेझेंट परफेक्ट) किंवा साधा भूतकाळ (सिंपल पास्ट) यांपैकी योग्य रूप लिहायचे असते.

या दोन काळांसाठी दवाखाना निवडण्याचे कारण साधे आहे. डॉक्टरला दोन गोष्टी हव्या असतात : काय अजून चालू आहे, आणि काय होऊन गेले. इंग्रजीत नेमका हाच फरक या दोन काळांनी दाखवला जातो. ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हणणाऱ्या रुग्णाला आत्ता ताप आहे. ‘आय हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हणणाऱ्याचा ताप उतरलेला आहे. सहलीच्या किंवा सुट्टीच्या संवादात काळ चुकला तर वाक्य फक्त ओबडधोबड वाटते. इथे माहितीच बदलते. तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांनी १९४७ मध्ये काळांची जी मांडणी केली, तिच्यातही हेच दिसते. दोन्ही काळांत घटना बोलण्याच्या क्षणाआधी घडलेली असते, पण पूर्ण वर्तमानकाळात बोलणारा तिच्याकडे आत्ताच्या क्षणावरून पाहतो, तर साध्या भूतकाळात तो मनाने त्या वेळेपाशी गेलेला असतो.

नमुना. संवाद महिन्याच्या १५ तारखेला घडतो असे धरावे.

डॉक्टर : व्हॉट्स द प्रॉब्लेम?
रुग्ण : आय १____ अ बॅड कॉफ फॉर टेन डेज.
डॉक्टर : व्हेन २____ इट ____?
रुग्ण : इट ३____ ऑन द फिफ्थ.
डॉक्टर : एनी फीव्हर?
रुग्ण : आय ४____ अ फीव्हर फॉर थ्री डेज, बट इट ५____ अवे ऑन द एट्थ.
डॉक्टर : ६____ यू ____ एनीथिंग फॉर द कॉफ सो फार?
रुग्ण : आय ७____ अ सिरप लास्ट वीक, बट इट ८____.
डॉक्टर : ९____ यू एव्हर ____ न्यूमोनिया?
रुग्ण : येस, वन्स. आय १०____ इट व्हेन आय वॉज नाइन.
डॉक्टर : ११____ यू ____ एनी वेट सिन्स द फिफ्थ?
रुग्ण : नो.

क्रियापदे क्रमाने : १ हॅव, २ स्टार्ट, ३ स्टार्ट, ४ हॅव, ५ गो, ६ टेक, ७ टेक, ८ हेल्प (नकारार्थी), ९ हॅव, १० हॅव, ११ लूज.

उत्तरे : १ हॅव हॅड, २ डिड – स्टार्ट, ३ स्टार्टेड, ४ हॅड, ५ वेन्ट, ६ हॅव – टेकन, ७ टुक, ८ डिडन्ट हेल्प, ९ हॅव – हॅड, १० हॅड, ११ हॅव – लॉस्ट.

या स्वाध्यायाचा खरा कस पहिल्या आणि चौथ्या जागेत आहे. दोन्हीकडे क्रियापद एकच, दोन्हीकडे ‘फॉर’ आणि दिवसांचा आकडा. वर्गात ‘फॉर आणि सिन्स दिसले की हॅव लावा’ असा ठोकताळा सर्रास सांगितला जातो. तो पाठ केलेला विद्यार्थी चौथ्या जागीही ‘हॅव हॅड’ लिहून मोकळा होतो. मग त्याच वाक्यात पुढे ताप आठ तारखेला गेल्याचे येते आणि रुग्ण स्वतःलाच खोडून काढतो. ‘फॉर’ फक्त कालावधीची लांबी सांगतो, तो संपला की नाही हे सांगत नाही. म्हणून चौथी जागा पाचवीपर्यंत वाचल्याशिवाय भरता येत नाही. वाक्याचा उत्तरार्ध गाळला असता, तर व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे बरोबर ठरली असती आणि प्रश्नच बाद झाला असता. ‘सिन्स’ची गोष्ट वेगळी. अकराव्या जागेतला ‘सिन्स द फिफ्थ’ पाच तारखेपासून आत्तापर्यंतचा पट्टा दाखवतो, त्यामुळे तिथे पूर्ण वर्तमानकाळच येतो.

दुसरी आणि सहावी जागा मिळून डॉक्टरची प्रश्न विचारण्याची पद्धत दाखवतात. ‘व्हेन’ने एका बिंदूची विचारणा होते, म्हणून साधा भूतकाळ, त्याऐवजी ‘हाउ लाँग’ असते तर ‘हॅव यू हॅड इट’ आले असते. उलट ‘आतापर्यंत काही घेतले का’ किंवा ‘कधी न्यूमोनिया झाला होता का’ या प्रश्नांत वेळ मोकळी ठेवलेली असते. उत्तर होकारार्थी आले आणि रुग्णाने ‘गेल्या आठवड्यात’ किंवा ‘नऊ वर्षांचा असताना’ असे वेळेचे नाव घेतले, की संवाद साध्या भूतकाळात उतरतो. सहा–सात आणि नऊ–दहा या दोन्ही जोड्या याच वळणाच्या आहेत. पूर्ण वर्तमानकाळात विषय उघडायचा आणि तपशील साध्या भूतकाळात द्यायचा, हे इंग्रजी संभाषणातले फार नेहमीचे वळण आहे. सुटी वाक्ये देणाऱ्या स्वाध्यायांत ते दिसतच नाही. संवाद वापरण्याचे हेच सर्वांत मोठे समर्थन म्हणता येईल.

आठवी जागा वादाची आहे. सिरप गेल्या आठवड्यात घेतले आणि त्याचा उपयोग झाला नाही, म्हणून ‘डिडन्ट हेल्प’. पण खोकला अजून आहे, म्हणजे परिणाम आजही दिसतो आहे. त्या नजरेने ‘हॅजन्ट हेल्प्ड’ लिहिणाऱ्याला चूक म्हणता येणार नाही. उत्तरपत्रिकेत दोन्ही मान्य करावे, किंवा जागाच काढून टाकावी. चांगला स्वाध्याय तयार करणाऱ्याचे निम्मे काम अशा जागा हेरण्याचे असते. नमुन्यात डॉक्टरने तापाविषयी ‘एनी फीव्हर?’ असे बिनक्रियापदाचे विचारले आहे, तेही मुद्दाम. तिथे रिकामी जागा ठेवली असती, तर ‘हॅव यू हॅड’ आणि ‘डिड यू हॅव’ ही दोन्ही उत्तरे तितकीच योग्य ठरली असती.

असाच धोका ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’ आणि ‘येट’ या शब्दांत असतो. ब्रिटिश इंग्रजीत यांच्याबरोबर सहसा पूर्ण वर्तमानकाळ येतो, पण अमेरिकन बोलण्यात ‘डिड यू ईट येट?’ सहज ऐकू येते. ‘धिस मॉर्निंग’ तर घड्याळावर अवलंबून आहे. सकाळ चालू असेल तर ‘हॅव यू ईटन एनीथिंग धिस मॉर्निंग?’ जमते; तोच प्रश्न संध्याकाळच्या दवाखान्यात विचारायचा तर ‘डिड’ लागतो. संवादाची वेळ सांगितलेली नसेल, तर हा शब्द रिकाम्या जागेजवळ ठेवू नये.

क्रियापदांची निवडही आंधळेपणाने करून चालत नाही. पहिल्या जागी ‘हॅव’ऐवजी ‘कॉफ’ हे क्रियापद दिले असते, तर इंग्रजी बोलणारा ‘आय हॅव बीन कॉफिंग फॉर टेन डेज’ म्हणाला असता, म्हणजे तिसराच काळ हवा झाला असता. पुन्हा पुन्हा घडणाऱ्या, चालू असलेल्या क्रियेला ते रूप स्वाभाविक वाटते. आजार ‘असणे’ या अर्थाचे ‘हॅव’ स्थितिवाचक असल्याने ही अडचण उभी राहत नाही.

मराठी बोलणाऱ्यांच्या चुका बहुतेक ठरावीक ठिकाणी होतात. ‘दहा दिवसांपासून खोकला आहे’ हे मराठीत वर्तमानकाळातले वाक्य आहे, त्यामुळे पहिल्या जागी ‘ॲम हॅविंग’ किंवा नुसते ‘हॅव’ येते. शिवाय ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय सुरुवातीच्या तारखेलाही लागते आणि दिवसांच्या संख्येलाही, म्हणून स्वतः वाक्य रचायला दिले की ‘सिन्स टेन डेज’ हटकून ऐकू येते. दुसरी चूक दहाव्या जागी. ‘लहानपणी न्यूमोनिया झाला होता’ यातल्या ‘होता’मुळे विद्यार्थी ‘हॅड हॅड’ लिहितो. इंग्रजीत मात्र भूतकाळातल्याच, त्यानंतरच्या दुसऱ्या घटनेशी तुलना नसल्याने साधा भूतकाळ पुरतो. तिसरी चूक सातव्या जागी. ‘गेल्या आठवड्यात सिरप घेतलंय’ हे मराठीत बिनदिक्कत चालते, पण इंग्रजीत ‘लास्ट वीक’ आणि ‘हॅव टेकन’ एका वाक्यात नांदत नाहीत.

तपासताना काळ आणि रूप यांचे गुण वेगळे ठेवलेले बरे. सहाव्या जागी ‘हॅव यू टुक’ लिहिणाऱ्याने काळ अचूक ओळखला आहे, त्याला फक्त ‘टेकन’ हे रूप येत नाही. ‘डिड यू टेक’ लिहिणाऱ्याचे रूप निर्दोष आहे, पण ‘सो फार’कडे त्याचे लक्ष गेलेले नाही. दोघांनाही सारखाच शून्य दिला, तर पुढच्या तासाला कोणाला काय शिकवायचे हे कळत नाही.

हा प्रकार आणि क्लोझ चाचणी यांत गल्लत होते. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या क्लोझ पद्धतीत ठरावीक अंतराने, उदाहरणार्थ दर पाचवा, शब्द गाळला जातो, मग तो कोणताही असो. मजकूर वाचकाला कितपत सोपा आहे, हे मोजणे हा तिचा मूळ हेतू होता. इथे मात्र गाळायचे शब्द निवडून घेतलेले असतात.

स्वाध्यायाची मर्यादा अशी की क्रियापदे आणि जागा दोन्ही समोर असल्याने विद्यार्थ्याला फक्त दोनांतून एक निवडायचे असते. अकराच्या अकरा जागा बरोबर भरणारा, प्रत्यक्ष बोलताना पुन्हा ‘आय ॲम हॅविंग कॉफ’वर येऊ शकतो. त्यावर एक उपाय म्हणजे संवाद पूर्ण झाल्यावर त्यावरून रुग्णाचा केसपेपर भरायला देणे : लक्षण, कधी सुरू झाले, किती दिवस, चालू की थांबले. खोकल्यापुढे ‘१० दिवस, चालू’ आणि तापापुढे ‘३ दिवस, थांबला’ असे आले, तर काळ समजला आहे. तापापुढेही ‘चालू’ आले, तर चौथी जागा बरोबर असली तरी ती अंदाजाने भरली गेली आहे. त्यानंतर संवाद बाजूला ठेवून, एकाने केसपेपर पाहून प्रश्न विचारायचे आणि दुसऱ्याने उत्तरे द्यायची.