पॅन मागणारा मेल खरा निघाला, काहीच न मागणारा खोटा

माझा मावसभाऊ नागपुरातल्या तर्री पोह्याचे व्हिडिओ करतो, 40 हजाराच्या आसपास सबस्क्रायबर आहेत, अन् मागच्या महिन्यात रात्री त्याचा फोन आला की दादा दोन कोलॅब आलेत, त्यातला एक पॅन कार्ड मागून राहिला, फ्रॉड दिसते, त्याला ब्लॉक करतो अन् दुसऱ्याला हो म्हणतो. म्हटलं थांब, दोन्ही मेल उघडून ठेव, मी येतो.

पॅन मागणारी एक मसाला कंपनी होती. पहिला मेल चार ओळींचा, भाषा अर्धी हिंदी, पण धरमपेठेतला त्याचा कोणता व्हिडिओ पाहिला ते नेमकं लिहिलेलं, अन् रेट विचारला. यानं 12 हजार सांगितले, ते 8 वर आले, रील कधी टाकायची ते ठरलं, आणि हे सगळं झाल्यावर अकाउंट्सवाल्याने पॅन, बँक खातं अन् बिल मागितलं. ते मागणारच, पेमेंट करताना त्यांना टीडीएस कापावा लागू शकतो आणि पॅन नसला तर तो जास्त दराने कापतात. ओटीपी नाही मागितला, चॅनलचा पासवर्ड नाही, एक रुपयाही नाही. पैसा कंपनीकडून तुमच्याकडे येतो, उलटा जात नाही, म्हणून कोणी रिफंडेबल डिपॉझिट किंवा रजिस्ट्रेशन म्हणून 1,499 जरी मागितले तरी तिथेच बोलणं बंद करा.

दुसरा मेल मात्र दिसायला एक नंबर. व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीचा लोगो, चकाचक इंग्रजी, 45 सेकंदाच्या जाहिरातीचे 900 डॉलर, भाव करायची गरजच नाही. पॅन नाही, फी नाही. फक्त एक लिंक, त्यातून करार डाउनलोड करा, झिपचा पासवर्ड मेलमध्येच दिलेला. भाऊ म्हणे काही मागतच नाही तर धोका काहून असेल? पण त्यांना जे पाहिजे होतं ते त्या झिपमधूनच मिळणार होतं.

मी फाइल उघडली नाही, झिपमध्ये नुसतं नाव पाहिलं. नाव असं:

```
Agreement_2024.pdf.scr
```

विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन सहसा लपवून ठेवतं, त्यामुळे झिप काढून फोल्डरमध्ये टाकली असती तर याला फक्त .pdf दिसलं असतं. .scr म्हणजे स्क्रीनसेव्हर, म्हणजे चालणारा प्रोग्रामच, डबल क्लिक केला की सुरू. पासवर्ड असतो तो मेलच्या स्कॅनरला आत डोकावता येऊ नये म्हणून. अन् फाइल 700 एमबीची होती, दोन पानांच्या कराराला 700 एमबी कशाला लागते बाप्पा? आत रिकामा मजकूर भरून ती मुद्दाम फुगवतात, कारण ऑनलाइन व्हायरस तपासणाऱ्या साइटवर साइजची मर्यादा असते, एवढी मोठी फाइल तिथे चढतच नाही.

भाऊ म्हणाला माझं टू-स्टेप चालू आहे, पासवर्ड चोरला तरी काय होणार. इथेच लोक फसतात. हा प्रोग्राम पासवर्डच्या भरवशावर नसतोच, तो ब्राउझरमधली सेशन कुकी उचलतो, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलेलं आहे याचा पुरावा, तो दुसऱ्या मशीनवर लावला की बरेचदा ओटीपी विचारलाच जात नाही. गूगलने 2021 मध्ये यूट्यूबर लोकांवरच्या याच प्रकाराबद्दल सविस्तर लिहिलं होतं. मार्च 2023 मध्ये लायनस टेक टिप्स हे एवढं मोठं टेक चॅनल स्पॉन्सरशिपच्या अशाच खोट्या फाइलने गेलं, त्यावर क्रिप्टोचे लाइव्ह सुरू झाले, तेव्हा फसणारा अडाणी असतो असं समजू नका.

मग आम्ही @ च्या पुढचं पाहिलं. कंपनीचं नाव बरोबर होतं पण त्याला डॅश देऊन partners जोडलेलं, म्हणजे डोमेनच वेगळं, ते कोणीही विकत घेऊ शकतं. मेल असली आहे का हे त्याच मेलला रिप्लाय करून विचारू नका, कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडा अन् तिथल्या कॉन्टॅक्टवर विचारा. भावाने विचारलं, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की असा मेल आम्ही पाठवलाच नाही.

आणि समजा कोणी उघडलीच फाइल, तर आधी त्या लॅपटॉपचं नेट बंद करा. मग दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून गूगलचा पासवर्ड बदला अन् अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, म्हणजे चोरलेली कुकी निकामी होते. त्याच लॅपटॉपवरून बदलला तर नवा पासवर्डही त्यांच्याकडे जाऊ शकतो. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन लावा, बाकी तक्रार cybercrime.gov.in वर.

मसाल्याची रील मागच्या रविवारी टाकली, 8 हजारातून टीडीएस कापून पैसे खात्यात आले.