प्रकल्प-आढाव्याचे सादरीकरण करून घेण्यापूर्वी: आराखड्याची पहिली आवृत्ती आम्ही का मागतो

प्रकल्प संपल्यावर 'काय जमले, काय फसले आणि पुढच्या वेळी काय बदलायचे' हे मांडणारे सादरीकरण आमच्याकडून करून घेणाऱ्या बहुतेक ग्राहकांना त्याचे स्वरूप आधीपासून माहीत असते. त्यामुळे ते तीन रकाने भरूनच आमच्याकडे येतात आणि आता फक्त स्लाइड नीटनेटक्या करून द्याव्यात अशी त्यांची अपेक्षा असते. त्यावर आम्ही प्रकल्पाचा सर्वांत पहिला मंजूर आराखडा मागतो, आणि मग हमखास प्रश्न येतो: "मुद्दे तर दिले आहेत, मग जुनी कागदपत्रे कशाला?" दर वेळी फोनवर अपुरे उत्तर देण्यापेक्षा ते एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हे पत्रक.

अडचण अशी आहे की आराखडा मागितल्यावर आम्हाला जवळजवळ नेहमी त्याची शेवटची सुधारित आवृत्ती मिळते. ग्राहकांचा हेतू चांगलाच असतो, कारण ताजी प्रत पाठवणे कोणालाही योग्य वाटेल. परंतु प्रकल्प चालू असताना तारखा पुढे सरकतात तसतसा आराखडाही सुधारला जातो, आणि शेवटच्या आवृत्तीशी ताडून पाहिले तर कोणताही प्रकल्प वेळेतच संपलेला दिसतो. जी तफावत समजून घेण्यासाठी आढावा घ्यायचा, तीच या प्रतीतून पुसली गेलेली असते. हे आमच्या लक्षात येईपर्यंत पहिला मसुदा तयार झालेला असतो आणि तो बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात करावी लागते. आमच्या कामात सर्वाधिक वेळ कशात जात असेल तर तो यात.

एका ग्राहकाचे उदाहरण, ओळख पटेल असे तपशील वगळून, येथे देत आहोत. त्यांना आपल्या सर्व गोदामांचा साठ्याचा हिशेब जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात न्यायचा होता. काम 12 आठवड्यांत व्हायचे होते, त्याला 17 आठवडे लागले. त्यांनी पाठवलेल्या 'काय फसले' या स्लाइडवर पहिले वाक्य होते, 'वस्तूंची यादी गोदामांकडून उशिरा आली', आणि 'काय बदलायचे' या स्लाइडवर त्याचेच उलटे केलेले वाक्य होते, 'गोदामांनी यादी वेळेवर द्यावी'. सोबतचा आराखडा होता आवृत्ती 6, आणि तिच्यात शेवटचा टप्पा अर्थातच सतराव्या आठवड्यात होता.

आवृत्ती 1 मिळवायला आम्हाला चार दिवस लागले. ती समोर ठेवल्यावर चित्र पालटले. तिच्यानुसार यादी दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस यायची होती, ती चौथ्या आठवड्याच्या अखेरीस आली, म्हणजे दोन आठवडे उशीर झाला हे खरे होते. पण त्याच आवृत्तीत यादीची तपासणी नवव्या आठवड्यात, चाचणी दहाव्या आणि अकराव्या आठवड्यांत आणि प्रत्यक्ष बदल बाराव्या आठवड्यात ठेवलेला होता. तपासणी नवव्या आठवड्यातच होणार असेल, तर यादी दुसऱ्या आठवड्यात आली काय किंवा चौथ्यात आली काय, शेवटच्या तारखेत फरक पडत नाही. तपासणी ठरल्याप्रमाणे नवव्या आठवड्यात झाली, आणि तेव्हा कळले की एकाच वस्तूचा साठा एका गोदामात खोक्यांत मोजलेला आहे आणि दुसऱ्यात नगांत. ही मापे जुळवण्यात दहावा ते चौदावा असे पाच आठवडे गेले, त्यानंतर चाचणीचे दोन आठवडे आणि मग सतराव्यात बदल. पाच आठवड्यांचा सगळा विलंब येथेच होता.

मग खरे काय फसले होते? हाती आलेली यादी नवव्या आठवड्यापर्यंत कोणीही उघडून पाहिली नव्हती. आमच्या आढाव्याच्या पहिल्या बैठकीत एका गोदामप्रमुखांनी यादी पाठवल्याची मेल मोबाइलवर उघडून टेबलावर ठेवली, तोपर्यंत हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. यादी का उघडली नाही, याचे उत्तर मिळायला आणखी थोडे खोदावे लागले. तपासणीसाठी नवे सॉफ्टवेअर बसलेले असले पाहिजे, असे सर्वांनी गृहीत धरले होते आणि सॉफ्टवेअर आठव्या आठवड्यात बसणार होते. वास्तविक मापाचा रकाना एक्सेलमध्ये क्रमाने लावला असता तरी ही गफलत एका दुपारीत दिसली असती. टप्प्यांचा हा क्रम आधीच्या एका प्रकल्पाच्या आराखड्यातून जसाच्या तसा उचललेला होता, आणि त्या प्रकल्पात गोदाम एकच असल्याने मापे जुळवण्याचा प्रश्नच आला नव्हता. आता मूळ उपाय आठवून पाहावा. पुढच्या प्रकल्पात गोदामांनी यादी अगदी पहिल्या दिवशी दिली असती, तरी ती नवव्या आठवड्यापर्यंत तशीच पडून राहिली असती आणि पाच आठवडे पुन्हा गेले असते.

'काय जमले' हा रकाना ग्राहकांना सर्वांत सोपा वाटतो, आणि आमच्या मते फसवणूक तेथेच अधिक होते. शेवट गोड झाला की वाटेत केलेले सगळे बरोबर होते, असे मानण्याकडे आपला कल असतो. याच ग्राहकांच्या स्लाइडवर 'प्रत्यक्ष बदल एका रात्रीत, केवळ सहा तासांत पूर्ण' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. त्या सहा तासांचा तपशील विचारला तेव्हा समजले की जुन्या सांकेतिक क्रमांकांपैकी अनेकांचा अर्थ कोठेही लिहिलेला नव्हता. हिशेब विभागातील एका ज्येष्ठ बाईंना ते तोंडपाठ होते आणि त्या रात्रभर शेजारी बसून सांगत होत्या. मूळ आराखड्यानुसार बदल बाराव्या आठवड्यात झाला असता, तर त्या आठवड्यात त्यांची रजा मंजूर झालेली होती. म्हणजे काम उशिरा झाले म्हणून ते सहा तासांत झाले! असा मुद्दा आम्ही 'जमले' या रकान्यात ठेवत नाही. बाईंचे श्रेय त्यांना बैठकीत जरूर द्यावे, पण स्लाइडवर तो 'बदलायचे' या रकान्यात जातो: क्रमांकांची अर्थासह यादी चाचणीपूर्वी लिहून काढणे.

काही ग्राहकांना हे अतिचिकित्सक वाटते. त्यांना आम्ही कोलंबिया या अंतराळयानाची आठवण देतो. इंधनाच्या बाह्य टाकीवरील फेसाचे तुकडे उड्डाणाच्या वेळी निखळणे आधीच्या उड्डाणांतही घडले होते, आणि अंतराळयाने सुखरूप परत येत असल्यामुळे ती बाब हळूहळू देखभालीचा मुद्दा समजली जाऊ लागली. जानेवारी 2003 मध्ये तसाच एक तुकडा डाव्या पंखावर आदळला आणि 1 फेब्रुवारी रोजी परतीच्या वाटेवर यान नष्ट होऊन सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आपल्या प्रकल्पांत प्राण पणाला लागलेले नसतात, पण 'आधी काही बिघडले नव्हते' हा पुरावा किती तोकडा असतो ते यावरून कळते. म्हणून 'जमले' या रकान्यात मुद्दा घेण्यापूर्वी आम्ही एकच प्रश्न विचारतो: वेगळी माणसे आणि वेगळा आठवडा असता, तर हे असेच झाले असते का? उत्तर 'हो' असेल तर त्याचे कारणही त्याच ओळीत लिहितो, कारण कारण माहीत नसलेले यश पुढच्या प्रकल्पात नेता येत नाही.

अपेक्षित काय होते ते आधी, प्रत्यक्ष काय झाले ते नंतर, फरक का पडला ते त्यापुढे आणि बदल सर्वांत शेवटी, हा क्रम आमच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकन लष्कराने 1970 च्या दशकात युद्धसरावांनंतरच्या आढाव्यांसाठी जी पद्धत रुळवली, तिचीही सुरुवात 'काय व्हायला हवे होते' याच प्रश्नाने होते. तीन रकान्यांतली वाटणी ही त्या सगळ्यानंतरची पायरी आहे, आणि ग्राहक नेमके तिच्यापासून सुरू करतात.

'काय बदलायचे' या रकान्यात आम्ही तीनहून अधिक मुद्दे सहसा घेत नाही, यावरूनही कधीकधी नाराजी होते. पैसे मोजून तीनच ओळी का, असे एका ग्राहकांनी स्पष्टच विचारले होते. आमची अट इतकीच असते की प्रत्येक बदल एखाद्या कागदात उतरला पाहिजे आणि तो उतरवणाऱ्याचे पद व तारीख लिहिलेली असली पाहिजे. 'समन्वय वाढवावा' हे कोणत्याच कागदात उतरत नाही. वरील प्रकल्पात शेवटी राहिलेला मुख्य बदल असा होता: 'आराखड्याच्या नमुन्यात यादी मिळाल्यापासून तीन दिवसांत मापाच्या रकान्याची तपासणी हा टप्पा घालणे, जबाबदारी नियोजन प्रमुखांची, मुदत महिनाअखेर.' नमुना बदलला की पुढचा आराखडा करणाऱ्याला हे सादरीकरण पाहिलेले नसले तरी चालते. अशा पंधरा ओळी लिहिता येतात, पण त्या पाळणारी संस्था आमच्या तरी पाहण्यात नाही.

आमच्या पद्धतीत दोन बैठका असतात, त्याबद्दलही दोन शब्द. पहिली प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची, वरिष्ठांशिवाय. दुसरी वरिष्ठांसह, तयार मसुद्यावर. एकाच बैठकीत उरकण्याची विनंती आम्ही नम्रपणे नाकारतो, कारण वरिष्ठांनी आधी आपले मत सांगितले की बाकीच्यांचे मुद्दे त्याच दिशेने वळतात, आणि मोबाइलवरची मेल खिशातच राहते. स्लाइडवर चुकांपुढे व्यक्तींची नावे आम्ही लिहीत नाही, टप्पा आणि आठवडा लिहितो. काम संपल्यावर दोन ते चार आठवड्यांच्या आत पहिली बैठक झाली तर उत्तम; त्यानंतर माणसे नव्या कामांवर जातात आणि आठवणी एकमेकांच्या सांगण्यावरून जुळू लागतात.

आमच्याकडे येताना रकाने भरून आणण्याची गरज नाही. आराखड्याची पहिली मंजूर आवृत्ती, प्रत्येक टप्पा प्रत्यक्ष कधी सुरू झाला आणि कधी संपला त्या तारखा, बैठकांची इतिवृत्ते, आणि आराखडा जेव्हा जेव्हा सुधारला गेला तेव्हाच्या मेल, एवढे पुरते. पहिली आवृत्ती सापडत नाही असे पुष्कळदा होते, कारण त्याच फाइलवर नवी आवृत्ती साठवलेली असते. अशा वेळी मंजुरीच्या मेलला जोडलेली प्रत, कराराचे परिशिष्ट किंवा शुभारंभाच्या बैठकीतील स्लाइड पाहावी. तिघांपैकी एक बहुधा मिळतेच. तेही हाती लागले नाही, तर त्या काळातील मेल आमच्याकडे सोपवाव्यात. त्यांतून तारखा वेचून मूळ आराखडा पुन्हा उभा करण्याचे काम आम्ही करतो आणि त्याचे शुल्क वेगळे लावत नाही, कारण चुकीच्या आवृत्तीवर मसुदा बनवून तो मोडण्यापेक्षा आम्हालाही ते स्वस्त पडते.