ट्रेनिंगवर शून्य चूक, मग मॉडेल उत्तम?

"आरएमएसई जितका कमी, तितकं मॉडेल चांगलं ना?"

आरएमएसई म्हणजे मॉडेलच्या चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ. तो कोणत्या नोंदींवर मोजला, यावर ते ठरतं. क्रमाने आलेल्या २, १, ४, ३, ६, ५ या नोंदी घ्या. पहिल्या चार मॉडेल शिकवायला, म्हणजे ट्रेनिंगला, उरलेल्या दोन ते तपासायला, म्हणजे टेस्टला. त्रिघाती वक्र चारही बिंदूंतून अचूक जातो, म्हणून त्याचा ट्रेनिंग आरएमएसई शून्य. सरळ रेषेचा ०.८९. पण पुढच्या दोन नोंदींसाठी वक्र −१० आणि −४३ सांगतो, रेषा ४ आणि ४.६. टेस्टवर वक्राचा आरएमएसई ३५.८, रेषेचा १.४४! वक्राने चढउतार पाठ केले, कल निसटला, हेच ओव्हरफिटिंग. मात्र टेस्टचा आकडा पाहून मॉडेल बदलत राहिलात, तर टेस्टही ट्रेनिंगमध्येच जमा होते. निवडीसाठी तिसरा भाग वेगळा राखावा.