कॅन्टीनचं बिल: आयटीसी कुठे अडतं, कुठे सुटतं

चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत अकाउंट्सचे लोक बिल सिस्टिममध्ये चढवायच्या आधी त्यावर ‘ब्लॉक्ड’ असा शिक्का किंवा कोड टाकतात. म्हणजे त्या बिलात भरलेला जीएसटी कंपनीला स्वतःच्या करातून वजा करता येत नाही, त्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजेच आयटीसी, अडतं. क्लबची वर्गणी आली की टाक शिक्का. साहेबांच्या घरचा फ्रिज कंपनीच्या जीएसटी नंबरवर आला तरी तेच. यात वाद नाही. खरा गोंधळ जेवणाच्या बिलांचा आहे, आणि त्याची मुळं जीएसटीच्या आधीची आहेत.

सेवाकराच्या काळात ‘व्यवसायाशी संबंधित’ या शब्दांत जवळपास सगळंच बसत असे. कामगारांसाठी कॅन्टीन चालवणं कायद्यानेच बंधनकारक असेल तर केटररच्या सेवाकराचं क्रेडिट मिळतं, असं उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. कामगाराच्या खिशातून गेलेल्या भागाचं मात्र मिळणार नाही, हेही त्याच निकालात होतं. लगोलग १ एप्रिल २०११ पासून व्याख्या बदलली आणि केटरिंग, क्लब, आरोग्यविमा हे कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक वापरासाठी असतील तर वगळले गेले. जीएसटी कायद्याच्या आजच्या कलम १७(५) मधली अडवलेल्या क्रेडिटची यादी बरीचशी तिथूनच उचललेली आहे.

२०१७ च्या मूळ कलमात ‘कायद्याने बंधनकारक’ ही सवलत भाड्याच्या गाड्या आणि विम्यापुरतीच होती, जेवणाला नव्हती. १ फेब्रुवारी २०१९ पासून कलम नव्याने लिहिलं गेलं आणि ही सवलत उपखंड (iii) च्या, म्हणजे सुट्टीतल्या प्रवासाच्या, खाली जाऊन बसली. मग ती फक्त प्रवासाला, की वरच्या जेवणालाही? जेवणाच्या उपखंड (i) च्या शेवटी अर्धविराम आहे, म्हणून तो तिथेच संपला, असं करदात्यांनी आधीच विचारलेल्या प्रश्नांवरच्या काही अग्रिम निर्णयांनी धरलं. एका अर्धविरामावर साडेतीन वर्षं कारखान्यांचं क्रेडिट टांगणीला लागलं. मसुदा इतका ढिला लिहायला नको होता. शेवटी ६ जुलै २०२२ च्या परिपत्रक क्र. १७२ ने स्पष्ट केलं की सवलत या कलमाच्या खंड (b) मधल्या, म्हणजे तिन्ही उपखंडांतल्या, सगळ्याच बाबींना आहे.

तेव्हापासून ‘केटरर म्हणजे ब्लॉक्ड’ हा पुरवठादाराच्या मास्टरमध्ये टाकलेला सरसकट कोड चुकीचा ठरला. एक उदाहरण घेऊ. कंपनी एक, केटरर एक, त्याचा जीएसटी नंबर एक. चाकणच्या प्लांटमध्ये ३१० कामगार, तिथलं महिन्याचं बिल २,००,००० रुपये, कर ५ टक्क्यांनी १०,०००. शिवाजीनगरच्या ऑफिसात ६० माणसं, बिल ४०,०००, कर २,०००. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम ४६ प्रमाणे २५० च्या वर कामगार असले की कॅन्टीन सक्तीचं करता येत असे, म्हणून प्लांटचं क्रेडिट सुटतं. पण पगारातून जेवणाचा चौथा हिस्सा कापला जात असेल तर कराचे २,५०० रुपये सोडायचे आणि ७,५०० घ्यायचे. ऑफिसचे २,००० पूर्ण अडलेले. तिथे ४२,००० ची अख्खी रक्कम खर्चाच्या खात्यात जाते. दोन्ही बिलांवरचा सेवेचा कोडही सारखाच असू शकतो. फरक कळतो तो डिलिव्हरीचा पत्ता आणि कॉस्ट सेंटर पाहूनच, त्यामुळे शिक्का पुरवठादारावर नव्हे, जागेवर ठरवावा लागतो.

पूर्वी शिक्का मारलेलं बिल क्रेडिटच्या हिशेबाबाहेर ठेवलं की काम भागे. २०२२ मध्ये जीएसटीआर-३बी हे कर भरायचं विवरणपत्र बदललं. आता पुरवठादारांच्या बिलांवरून आपोआप बनणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसणारं हे क्रेडिटही आधी ३बी च्या तक्ता 4(A) मध्ये दाखवायचं आणि 4(B)(1) मध्ये उलटवायचं. २बी ला कलम १७(५) कळत नाही, ऑफिसच्या जेवणाचे २,००० तिथे ‘उपलब्ध’ म्हणूनच येतात. म्हणून खर्चात मिसळलेल्या कराची रक्कम नोंदीत वेगळी शोधता आली पाहिजे. नाहीतर महिनाअखेरीला २बी आणि वह्या जुळत नाहीत, आणि कोणी घाईत ती तफावत ‘राहिलेलं क्रेडिट’ समजून घेऊन टाकतं. ते वापरलं गेलं की १८ टक्के व्याज.

एवढं बसतंय न बसतंय तोच २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कॅन्टीनची मर्यादा १०० कामगार अशी आहे, कंत्राटी धरून, आणि फक्त कारखान्यांपुरती नाही. समजा वाघोलीच्या गोदामात ४० कायम आणि १०० कंत्राटी माणसं आहेत. तिथल्या जेवणाच्या बिलावर आजवर डोळे झाकून शिक्का पडत होता. आता तो काढायचा की नाही, हे राज्याचे नियम तिथे कॅन्टीन सक्तीचं करतात का यावर ठरतं. त्यासाठी हजेरीपटावरचा आकडा, कंत्राटदाराच्या माणसांसकट, एचआरकडून अकाउंट्सकडे आला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी तो येतच नाही.