दुहेरी नकार व पुनरुक्ती (इंग्रजी लेखनातील)

एकच नकार सांगण्यासाठी वाक्यात दोन किंवा अधिक नकारदर्शक शब्द योजणे यास दुहेरी नकार, आणि आलेलाच अर्थ दुसऱ्या शब्दाने पुन्हा सांगणे यास पुनरुक्ती म्हणतात. शालेय व्याकरणे दोहोंना चूक ठरवतात. तथापि त्या अर्थाने दोन्हीही अव्याकरणिक नाहीत.

‘दोन नकार मिळून होकार होतो’ या नियमाचे जनकत्व सामान्यतः रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२च्या व्याकरणाकडे दिले जाते. हे श्रेय जपूनच स्वीकारावे लागते, कारण हा नियम त्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत नसून १७६३च्या दुसऱ्या आवृत्तीत आढळतो आणि जेम्स ग्रीनवुड यांच्या १७११च्या व्याकरणात तो आधीच आलेला आहे. शिवाय वरिष्ठ वर्गाच्या लेखनातून दुहेरी नकाराचा प्रयोग त्याहीपूर्वी मागे पडू लागला होता, असे जुन्या पत्रव्यवहारांच्या अभ्यासावरून दिसते. म्हणजे व्याकरणकारांनी चालू प्रवाहावर शिक्कामोर्तब केले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर यांनी आपल्या काव्यातील सरदाराविषयी लिहिताना ‘नेव्हर’, ‘नो’, ‘ने’ आणि पुन्हा ‘नो’ असे चार नकार एकाच वाक्यात योजले. गणिताने पाहता चार नकारांचा होकार होऊन सरदार शिवराळ ठरेल. पण त्याने कोणाशीही कधी अभद्र भाषा केली नाही, एवढाच अर्थ तेथे आहे. आजही अनेक इंग्रजी बोलींत ‘आय डोन्ट नो नथिंग’ म्हणजे ‘मला काही ठाऊक नाही’ असेच समजले जाते. पोर्तुगीजमध्ये तर ‘नाऊं सेय नाद’ ही दोन नकारांची रचनाच प्रमाण असल्याने, पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या जुन्या गोमंतकीय पिढीला ती तर्कविरुद्ध वाटण्याचे कारण नव्हते. प्रमाण इंग्रजी लेखनात ती टाळावी लागते, हा मात्र त्या लेखनप्रकाराचा संकेत होय.

याउलट ‘नॉट अनकॉमन’ येथे दुसरा नकार एका शब्दापुरता असतो आणि दोन्ही नकार खरोखर एकमेकांना छेदतात. उरतो तो सौम्य होकार, आणि ही रचना प्रमाण लेखनात चालते. खरा घोटाळा नकारांची मोजदाद चुकते तेथे होतो. ‘डोन्ट फेल टू मिस’ असे जाहिरातीत लिहिणारा ‘चुकवू नका’ असे सुचवू पाहतो; परंतु ‘मिस’मध्येच नकार दडलेला असल्याने वाक्य प्रत्यक्षात ‘अवश्य चुकवा’ असे सांगते. वाक्य व्याकरणशुद्ध आहे, अर्थ मात्र उलटा. अशा वेळी एकेक नकार काढून वाक्य पुन्हा वाचले की दोष ध्यानी येतो.

पुनरुक्ती हा निव्वळ शैलीचा प्रश्न आहे. ‘रिटर्न बॅक’मधील दुसरा शब्द सहज गाळता येतो. ‘नल अँड व्हॉइड’ यासारख्या कायदेशीर जोड्या मात्र रूढ झाल्या असून, गोव्यात इंग्रजीत होणाऱ्या दस्तऐवजांतही त्या तशाच उतरतात.