पंखा फिरतोय, हवा मात्र गार

डिसेंबरात पुण्याचा पारा बारा-तेरा अंशांवर उतरला, की घरोघरी माळ्यावरचे रूम हीटर खाली येतात. दहा महिने पडून राहिलेला हीटर लावावा, पंखा भर्रकन सुरू व्हावा आणि अंगावर यावी ती गार हवा. अशा वेळी बहुतेकांची खात्री होते की कॉइल जळाली. पण कॉइलपेक्षा आधी दुसऱ्याच एका भागावर संशय घ्यायला हवा, आणि तो खरा की खोटा हे हीटर न उघडताही बऱ्यापैकी कळतं.

त्यासाठी वीज आत कुठून कुठे जाते ते पाहू. साध्या फॅन हीटरमध्ये प्लगमधून आलेली वीज आधी तळाशी असलेल्या टिप-ओव्हर स्विचमधून जाते. हीटर सरळ उभा असला की त्याच्या वजनाने तळाचं बटण आत दाबलं जातं आणि वाट जुळते. कलंडला की बटण बाहेर येतं आणि वाट तुटते. तिथून वीज पुढच्या निवडीच्या स्विचकडे जाते, आणि मग रस्त्याला दोन फाटे फुटावेत तशा दोन वाटा होतात. एक पंख्याच्या मोटरकडे जाते. दुसरी संरक्षणाचे भाग पार करून कॉइलकडे.

म्हणजे पंखा फिरतोय याचा अर्थ वायर, प्लग आणि टिप-ओव्हर स्विच हे सगळं ठीक आहे. बिघाड दुसऱ्या फाट्यावर आहे. उलट पंखाही फिरत नसेल, तर आधी हीटर गादीवरून किंवा जाड सतरंजीवरून उचलून कडक फरशीवर ठेवून पाहावा. मऊ पृष्ठभागात तळाचं बटण नुसतं रुततं, नीट दाबलं जात नाही आणि हीटर पूर्ण मेल्यासारखा वाटतो. क्वार्ट्झच्या नळ्यांचा हीटर अजिबात उजळत नसेल तरी पहिली तपासणी हीच. पूर्ण शक्तीवर लावूनही त्यातली एकच नळी काळी राहिली, तर दोष त्या नळीत किंवा तिच्या टोकाच्या जोडात असतो. फॅन हीटरची कॉइल मात्र लाल दिसली नाही म्हणून घाबरू नये. वाऱ्याने ती इतकी थंड राहते की उजेडात तिची लाली दिसतच नाही, आणि सिरॅमिक हीटर तर मुळीच उजळत नाही.

आता दुसरा फाटा. त्यावर सहसा तीन पहारेकरी असतात. पहिला थर्मोस्टॅट, म्हणजे आपण फिरवतो ते बटण. पुण्यातली बंद खोली थंडीतही अनेकदा वीस अंशांच्या वरच असते, त्यामुळे बटण मधेच ठेवलं तर थर्मोस्टॅटला खोली पुरेशी गरम वाटते आणि तो कॉइल चालूच करत नाही. काही हीटरमध्ये त्या वेळी पंखा फिरत राहतो. म्हणून ते बटण आधी शेवटापर्यंत फिरवावं. दुसरा, दोन धातूंची पट्टी असलेला कटआउट. जास्त तापला की तो वाकून वीज तोडतो आणि निवला की पुन्हा जोडतो. हवा पाच मिनिटं गरम, मग गार, मग पुन्हा गरम असं होत असेल, तर हा पहारेकरी आपलं काम करतोय आणि हवेची वाट कुठेतरी तुंबली आहे.

तिसरा, आणि सर्वात जास्त वेळा दोषी ठरणारा, थर्मल फ्यूज. तो करंगळीच्या नखापेक्षा थोडा लांब असा धातूचा तुकडा असतो, पांढऱ्या किंवा पिवळसर स्लीव्हमध्ये झाकलेला. अनेक फ्यूजच्या आत ठरावीक तापमानाला वितळणारी गोळी असते आणि तिच्या आधाराने दाबून धरलेली स्प्रिंग. गोळी वितळली की स्प्रिंग सुटते, संपर्क तुटतो, आणि तो निवल्यावरही परत जुळत नाही. घरातल्या नेहमीच्या फ्यूजसारखा तो जास्त करंटने उडत नाही, तापमानाने उडतो.

हे तापमान वाढतं कशाने? 2000 वॉटची कॉइल तेवढीच उष्णता देत राहते, हवा कमी आली तरी. बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा 50 अंशांनी गरम असेल आणि जाळीत धूळ बसून हवा निम्मी झाली, तर तीच हवा 100 अंशांनी तापते. वर्षभर माळ्यावर राहिलेल्या हीटरच्या मागच्या जाळीत कापसासारखा थर असतो आणि मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशमधलं तेल सुकलेलं असतं. दोन्ही एकत्र आले की फ्यूजची वेळ येते.

कर्वेनगरमध्ये ओळखीच्या घरी अगदी असाच 2000 वॉटचा हीटर होता. स्विचचे टप्पे दोन, 1000 आणि 2000. दोन्हींवर हवा गार. त्यात दोन कॉइल असतात आणि एक तुटली असती तर दुसरी थोडी तरी उष्णता देती. दोन्ही एकदम तुटणं दुर्मीळ, म्हणून दोष त्यांच्या सामायिक वाटेवर असणार. प्लग काढून, हीटर सरळ उभा ठेवून, स्विच 2000 वर आणि थर्मोस्टॅट शेवटाला नेऊन प्लगच्या दोन वीजवाहक पिनांमध्ये मल्टिमीटर लावला. 230 व्होल्टला 2000 वॉट म्हणजे साधारण 26 ओहम दिसायला हवेत. दिसले काहीशे ओहम, म्हणजे फक्त मोटरचं वेटोळं. झाकण उघडून प्रत्येक कॉइल मोजली तेव्हा पन्नासच्या आसपास ओहम आले, म्हणजे दोन्ही चांगल्या. थर्मल फ्यूजच्या दोन टोकांत मात्र वाट पूर्ण बंद.

नवा फ्यूज बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. जुन्यावर छापलेलं तापमान, अँपिअर आणि व्होल्ट पाहून नेमका तोच घ्यायचा. 2000 वॉटला जवळजवळ 9 अँपिअर करंट वाहतो, त्यामुळे 2 अँपिअरचा चालणार नाही. तो सोल्डरने जोडला तर सोल्डरिंगच्याच उष्णतेने उडू शकतो, शिवाय गरम जागी सोल्डर पुढे ढिलं होतं. म्हणून दाबून बसवायच्या धातूच्या क्लिपाच वापरायच्या, आणि स्लीव्ह पुन्हा चढवायची, कारण बऱ्याच फ्यूजच्या धातूच्या अंगातही वीज असते. ज्यांनी असं काम केलेलं नाही त्यांनी हे कारागिराकडूनच करून घ्यावं.

फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा जोडून देणारेही भेटतात. हीटर लगेच गरम होतो. पण पुढे पंखा अडकला आणि कटआउटचे संपर्क चिकटून बसले, तर 2000 वॉट प्लास्टिकच्या पेटीत कोंडले जातात आणि त्यांना थांबवणारं काहीच उरत नाही. ज्या खोलीत रात्री माणसं झोपतात तिथे हे कदापि करू नये.

कर्वेनगरच्या त्या हीटरची जाळी ब्रशने साफ केली, मोटरच्या दोन्ही बुशांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला, आणि मगच नवा फ्यूज घातला. प्लगवर 26 ओहम आले आणि हीटर सलग गरम राहिला. साफसफाईनंतरही नवा फ्यूज काही दिवसांत पुन्हा गेला असता, तर मोटर पूर्ण वेगाने फिरत नाही असं समजून हीटरच बदलायचा असं ठरलं होतं.